चालीत शब्द बसवताना: आठ मात्रांच्या एका गाण्याची घडण

मराठवाड्यात गाणं लिहायला बसणाऱ्याच्या कानात आधीच खूप काही साठलेलं असतं. नामदेवांची नरसी, जनाबाईंचं गंगाखेड, नाथांचं पैठण हा सगळा आपलाच मुलूख आहे. गावोगाव भजनी मंडळं आहेत, आणि जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या अजून भेटतात. त्यामुळे ओळ कानाला गोड लागते की नाही, हे आपल्याकडच्या नवख्यालाही कळतं. अडतं ते पुढे. कुणीतरी पेटीवर चाल देतं, ढोलकीवाला केहरवा धरतो, आणि वहीत छान वाटलेली ओळ चालीत शिरतच नाही. मग गायक म्हणतो, "दादा, मीटरमध्ये बसंना गेलंय."

या लेखात एकच काम करू. आठ मात्रांच्या ठेक्यातली एक साधी चाल घेऊ आणि तिच्यावर ध्रुवपदाच्या दोन ओळी व एक अंतरा बसवू. ओळी मी इथेच घडवतो आहे, फसलेले खर्डेही दाखवतो.

आधी कानाची एक सवय ओळखा

अभंगात अक्षरं मोजतात. मोठ्या अभंगाचा साचा सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. उदाहरणासाठी हा एक साचा बघा:

नांगरली काळी । पेरियले दाणे ।
आभाळाने गाणे । ओविले गा ॥

पहिल्या तिन्ही चरणांत सहा-सहा अक्षरं आहेत. पण 'नांगरली काळी'मध्ये 'ग' आणि 'र' ही दोन आखूड अक्षरं आहेत, तर 'आभाळाने गाणे'मध्ये एकही आखूड नाही. तरी भजनात दोन्ही चरण सारख्याच वेळात म्हटले जातात. कारण छंदात म्हणताना प्रत्येक अक्षराला सारखा वेळ मिळतो, आखूड अक्षरही लांबवलं जातं. 'नांऽगऽरऽलीऽ' म्हटलेलं कुणाला खटकत नाही. ओवीत तर याहून मोकळीक. बाई दळता दळता शब्द लांबवते, आवळते, मध्येच 'गं बाई' घालते, आणि जातं तिच्या हातात असल्यामुळे लयही तिच्याच हातात असते.

बांधलेल्या चालीत ही मोकळीक नसते. तिथं सुरांची लांबी आधीच ठरलेली असते. दोन मात्रांच्या सुरावर 'म' आला तर तो 'मा' ऐकू येतो. म्हणून अभंगाच्या सवयीनं नुसती अक्षरं मोजून लिहिलेली ओळ चालीत अडखळते. इथं अक्षरांऐवजी मात्रा मोजायच्या, आणि मात्रांच्या बेरजेइतकंच कोणतं अक्षर कुठल्या ठोक्यावर पडतं हेही बघायचं.

मात्रा मोजण्यापुरतं व्याकरण

अ, इ, उ, ऋ असलेलं अक्षर आखूड. त्याला लघु म्हणतात, त्याची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेलं अक्षर लांब. ते गुरू, त्याच्या दोन मात्रा. अनुस्वार स्पष्ट उच्चारला जात असेल तर ते अक्षर गुरू, म्हणून 'घुंगरू'तला 'घुं' दोन मात्रांचा. 'आलं', 'पोरं' यांतला शेवटचा लांबट उच्चारही दोन मात्रांचा धरायचा. जोडाक्षरामुळे आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर तेही गुरू होतं: 'रस्ता'मधला 'र', 'सत्य'मधला 'स'.

आघात येत नसेल तर मात्र ते लघुच राहतं. 'पुन्हा'मधला 'पु' आणि 'तुझ्या'मधला 'तु' एकेका मात्रेचेच, कारण न्ह, म्ह, झ्या अशी अक्षरं आधीच्या अक्षरावर भार टाकत नाहीत. शंका आली की शब्द मोठ्यानं म्हणून बघा. जीभ आधीच्या अक्षरावर थबकली तर दोन मात्रा, नाही थबकली तर एक.

बोलीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपण 'कोरडवाहू' लिहितो, पण बोलताना 'कोरड्वाहू' म्हणतो. मधल्या 'ड'मधला 'अ' गळतो. लिहिल्याप्रमाणे 'र' आणि 'ड' मिळून दोन मात्रा. बोलल्याप्रमाणे 'रड्' असं एकच जड अक्षर, त्याच्याही दोनच. बेरीज बदलत नाही, फक्त गायकाला ते एका सुरावर घ्यायचं की दोन सुरांवर, याची मुभा मिळते. म्हणून शब्दाच्या मधल्या अशा अक्षरांची चिंता करू नका. चिंता करायची ती शब्दाच्या शेवटच्या 'अ'ची, त्याबद्दल पुढे येईलच.

पहिली पायरी: चालीचा सांगाडा काढा

चाल मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. मग शब्द न लिहिता ती 'ला ला' करत म्हणा आणि हातानं टाळी धरा. टाळी कुठे पडावीशी वाटते ते शरीरालाच कळतं, ती सम. दोन समांच्या मध्ये किती मोजता येतं ते बघा. आठ आले तर केहरवा, धुमाळी किंवा भजनी ठेका यांपैकी काहीतरी असणार. सहा आले तर दादरा, सात आले तर रूपक. आपली चाल आठाची आहे. पहिल्या मात्रेवर सम आणि पाचव्या मात्रेवर दुसरा, हलका ठोका.

आता चालीतला प्रत्येक सूर किती मात्रा टिकतो ते कागदावर मांडा. जिथं सूर पुढच्या मात्रेतही चालू राहतो तिथं ऽ लिहा. आपल्या चालीच्या पहिल्या दोन ओळी अशा आहेत:

सा ऽ रे ऽ ग ग म ऽ | प प म ऽ ग ऽ ऽ ऽ
म ऽ ग ग रे ऽ ग ऽ | रे रे ग ऽ सा ऽ ऽ ऽ

उभी रेघ म्हणजे पुढची सम. पेटी येत नसली तरी हे बोटांवर मोजता येतं, सुरांची नावं कळायची गरज नाही. लांब-आखूड एवढं कळलं तरी पुरे. पहिल्या ओळीचा सांगाडा झाला: लांब, लांब, आखूड, आखूड, लांब | आखूड, आखूड, लांब, लांब. आणि शेवटी दोन मात्रा मोकळ्या.

या दोन मोकळ्या मात्रा फार कामाच्या आहेत. ओळीत सोळा मात्रांची जागा आहे म्हणून सोळाही भरल्या, तर गायकाला श्वास घ्यायला जागा राहत नाही. मध्यम लयीत अशी ओळ सहा-सात सेकंद चालते आणि तिच्यामागोमाग लगेच दुसरी येते. म्हणून आपल्याला शब्द चौदा मात्रांचे हवेत: आठ आणि सहा.

काही चाली समेच्या आधीच, एक-दोन मात्रा अगोदर उचलतात. तशी चाल असेल तर त्या उचलीवर 'अगं', 'अरे', 'बघ' असा हलका शब्द ठेवा आणि खरा शब्द समेवर आणा. आपली चाल थेट समेवर सुरू होते.

दुसरी पायरी: पहिली ओळ, आणि बेरीज जुळूनही ती का फसते

गाणं पावसाचं आहे. उन्हाळाभर कोरडी पडलेली गोदावरी, आणि मृगाचे ढग. माझा पहिला खर्डा असा होता:

ढग आले गोदेवरती

मात्रा मोजू. ढ १, ग १, आ २, ले २, गो २, दे २, व १, र १, ती २. बेरीज चौदा. कागदावर ओळ बरोबर आहे. आता ती ठेक्यावर ठेवा:

ढ ग आ ऽ ले ऽ गो ऽ | दे ऽ व र ती ऽ ऽ ऽ

सम 'दे'वर पडली. 'गोदे' हा शब्द मधोमध तुटला. 'गो' आधीच्या आवर्तनात राहिला, आणि ऐकणाऱ्याला 'ढग आले गो' असं काहीतरी ऐकू येऊन पुढे जोरात 'देवरती' आलं. हे 'देवरती' काय आहे, याचा विचार करेपर्यंत पुढची ओळ निघून जाते. ढोलकीवाला समेवर जोरात मारतो, म्हणून कान तिथं नव्या शब्दाची सुरुवात शोधतो. शब्द आधीच सुरू झालेला असेल तर त्याचे दोन तुकडे होतात.

उपाय इथं एकही शब्द न बदलता मिळतो. क्रम उलटा करा:

गो ऽ दे ऽ व र ती ऽ | ढ ग आ ऽ ले ऽ ऽ ऽ

'गोदेवरती' बरोबर आठ मात्रांत संपतं. दोन्ही समांवर शब्दाची सुरुवात येते, आणि 'ढग' नेमका दुसऱ्या समेवर पडतो. ओळीतली बातमी तीच आहे, ती ठोक्यावर आली. शिवाय सांगाड्याशी जुळणी बघा: लांब, लांब, आखूड, आखूड, लांब. 'गो दे व र ती' तसंच आहे. मराठीत क्रियापद, कर्ता, जागा यांची अदलाबदल केली तरी अर्थ बिघडत नाही, ही गीतकाराची मोठी सोय आहे. ओळ बसत नसेल तर नवा शब्द शोधण्याआधी हेच शब्द फिरवून बघा.

पाचव्या मात्रेवरचा हलका ठोका एवढा कडक नसतो. तिथं शब्द तुटला तरी चालतं, फक्त त्या ठोक्यावर अक्षर सुरू व्हायला हवं. ठोका अक्षराच्या पोटात पडता कामा नये. हे दुसऱ्या ओळीत स्पष्ट होईल.

तिसरी पायरी: दुसरी ओळ

ढग आल्यावर काय झालं? पहिल्या झटक्यात सुचलं ते हे:

काठ कोरडे ओले झाले

अर्थ ठीक आहे, पण यात दोन दोष आहेत. 'ओले झाले' आठ मात्रांचं आहे, म्हणजे ओळ सोळा मात्रांची झाली आणि श्वासाची जागा गेली. हा दोष काढायला 'मग न्हाले' केलं: म १, ग १, न्हा २, ले २, एकूण सहा. 'काठ कोरडे मग न्हाले'. बेरीज चौदा.

तरी गाताना अडखळलं. का, ते मांडून बघू:

सूर: म ऽ ग ग रे ऽ ग ऽ
शब्द: का ऽ ठ को ऽ र डे ऽ

'को' चौथ्या मात्रेवर सुरू होऊन पाचवीपर्यंत पसरतो. चालीत मात्र चौथा सूर आखूड आहे आणि पाचव्या मात्रेवर नवा लांब सूर येतो. ठोका 'को'च्या पोटात पडला. गायक चाल सोडत नाही, तो शब्दच वाकवतो: 'को' आखूड करतो आणि 'र' लांबवतो. 'काठ को रऽ डे' असं काहीसं ऐकू येतं. 'काठ कोरडे'ची चाल तीन-तीन-दोन अशी आहे, आणि आपल्या सुरांची चार-चार अशी. तीन-तीन-दोनचं वळण लोकगीतात खूप येतं आणि त्याला साजेशी चाल असेल तर ते सुंदर वाटतं. पण या चालीत त्याला जागा नाही. आठची बेरीज बरोबर असणं पुरत नाही, आठच्या आतली विभागणीही जुळावी लागते.

दुसऱ्या ओळीचा सांगाडा आहे लांब, आखूड, आखूड, लांब, लांब. अशा घाटाचा शब्द हवा. मग इथल्या शेतीतला शब्द आठवला: कोरडवाहू. को २, र १, ड १, वा २, हू २. एकाच शब्दात अख्खं आवर्तन भरलं, आणि पाचव्या ठोक्यावर 'वा' हा लांब, मोकळा स्वर आला. आता कोरडवाहू काय? शेत म्हणावं तर ते सरळ विधान झालं. 'मन' म्हटलं की ओळ उघडते:

को ऽ र ड वा ऽ हू ऽ | म न न्हा ऽ ले ऽ ऽ ऽ

'मन' हे दोन आखूड अक्षरांचं आहे आणि चालीत तिथं दोन आखूड सूरच आहेत. संगीतकारानं उद्या तिथं एकच लांब सूर ठेवला तर 'मन'चं 'मान' होईल आणि पहिल्या ओळीतल्या 'ढग'चं 'ढाग'. तसं झालं तर दोन मात्रांचं एकच अक्षर शोधावं लागेल. उलट बाजूला थोडी सवलत आहे. दोन आखूड सूर एकाच स्वरस्थानावर असतील, आपल्या चालीत 'रे रे' आहेत तसे, तर तिथं एक लांब अक्षर खुशाल ठेवता येतं. लांब अक्षर दोन सुरांवर पसरतं, पण आखूड अक्षर ताणलं की शब्द बदलतो. 'दिन' ताणला की 'दीन' होतो, आणि दिवसाचं गाणं गरिबीचं होतं.

चौथी पायरी: यमक

'आले' आणि 'न्हाले'. शेवटचा 'ले' तर जुळतोच, त्याच्या आधीचा 'आ'ही जुळतो. हा आधीचा स्वर नवखे लोक सोडून देतात. मराठीत भूतकाळी क्रियापदांच्या शेवटी ला, ली, ले येतंच. म्हणून 'आले–गेले', 'आले–सुखावले', 'आले–बसले' अशा जोड्या हव्या तेवढ्या मिळतात, आणि म्हणूनच त्या यमक वाटत नाहीत. तिथं फक्त प्रत्यय जुळतो. 'तडे भुईचे सुखावले' ही ओळ मात्रांत अगदी चपखल बसते (तडे भुईचे ८, सुखावले ६), तरी मी ती घेतली नाही. 'आले'नंतर कान 'आ'ची वाट बघत असतो आणि त्याला 'अ' मिळतो.

गझलवाले हा नियम फार काटेकोर पाळतात. काफियाच्या शेवटच्या अक्षराआधीचा स्वर सगळीकडे सारखा लागतो, त्याला ते अलामत म्हणतात. अठराव्या शतकात सिराज यांच्यासारखा शायर त्या काळच्या औरंगाबादेत होऊन गेला. आपल्याकडच्या कव्वालीच्या आणि मुशायऱ्याच्या बैठकींत बसलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. गाण्याला गझलेइतका काटेकोरपणा लागत नाही, पण ध्रुवपदात तरी पाळा. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं, आणि ढिलं यमक प्रत्येक वेळी उघडं पडतं.

इथं बोलीचा एक प्रश्न आला. आपण 'मन न्हालं' म्हणू, 'न्हाले' नाही. पण 'ढग आले' हे बोलीतही 'आले'च राहतं, आणि 'आले–न्हालं' जुळत नाही. दुसरं असं, की ओळीचा शेवटचा सूर चार मात्रा टिकतो, आणि 'ए' जितका मोकळा टिकतो तितका 'अं' टिकत नाही, नाकात जातो. म्हणून 'न्हाले' ठेवलं. गाण्यात बोली आणि लेखी रूपं शेजारी नांदतात, अट एवढीच की एकाच शब्दाची दोन रूपं एका गाण्यात येऊ नयेत.

लांब सुरावर ओळ संपत असेल तर 'अ'नं संपणारा शब्द टाळा. 'पाऊस', 'आभाळ', 'रान' यांचा शेवटचा 'अ' आपण बोलताना गिळतो. चार मात्रांच्या सुरावर गायकाला एक तर 'राऽन्' म्हणून तोंड मिटावं लागतं, नाहीतर 'रानाऽऽ' म्हणावं लागतं. भजनात शेवटी 'हो' किंवा 'रे' जोडून हे सावरून घेतात. तुमच्या चालीत तशी जागा असेल तर ठीक.

पाचवी पायरी: अंतरा आणि परत येण्याची ओळ

अंतऱ्याची चाल वर चढते. आपल्या चालीत दोन ओळी आठ-आठच्या आहेत, दोन्हींत बाराव्या मात्रेनंतर वरचा सा लागतो आणि दोन मात्रा टिकतो. या जागेवर कोणता स्वर येतो ते आधी ठरवा. वरच्या सुरावर आ आणि ओ सहज निघतात, ई आणि ऊ वर गळा आवळतो. मी तिथं 'ओ' घ्यायचं ठरवलं, आणि मगच यमक शोधलं: पोरं, ढोरं.

ति फ ण नि घा ऽ ली ऽ | ह स ली ऽ पो ऽ रं ऽ
दा ऽ वं ऽ तो ऽ डु न | प ळ ली ऽ ढो ऽ रं ऽ

पहिल्या ओळीच्या सुरुवातीला चार आखूड अक्षरं आहेत, दुसऱ्यात तिथंच दोन लांब. अंतऱ्याच्या चालीत पहिल्या चार मात्रा एकाच सुरावर आहेत म्हणून हे चाललं. तिथं चार वेगळे सूर असते तर 'दावं'ला प्रत्येक अक्षरात दोन सूर घ्यावे लागले असते. तेही जमतं, पण शब्द लाडीक होतो, आणि दावं तोडून पळणाऱ्या ढोरांना ते शोभत नाही.

'निघाली' पाचव्या ठोक्यावर तुटतं, पण ठोका 'घा'वर पडतो. बोलतानाही जोर तिथंच असतो, म्हणून खटकत नाही. 'तोडून' पाच मात्रांचं आहे, मी 'तोडुन' करून चार केलं. गाण्यात मधला ऊ असा आखूड करायला पूर्वापार मुभा आहे. ती जपून वापरा. अर्थ बदलत असेल तिथं मुळीच नको.

आता परत ध्रुवपदावर जायचं आहे. ही ओळ ध्रुवपदाच्या दुसऱ्या ओळीच्याच चालीत आहे, आणि तिचं यमक 'आले'शी जुळलं पाहिजे. म्हणजे ती ऐकताच कान 'गोदेवरती'साठी तयार होतो. 'चाड्यामधुनी बी गेले' सुचलं. मात्रा बरोबर, पण 'गेले'त 'आ' नाही. 'आले, न्हाले' यांच्या रांगेत बसणारे शब्द थोडेच आहेत: झाले, प्याले, ल्याले, भ्याले. बियाण्याला 'प्याले' शोभतं:

ओ ऽ ल भु ई ऽ ची ऽ | बी ऽ प्या ऽ ले ऽ ऽ ऽ

'ओल भुईची' म्हणजे लांब, आखूड, आखूड, लांब, लांब. 'कोरडवाहू'चा घाट तोच. 'मन'च्या दोन आखूड सुरांवर इथं 'बी' हे एकच लांब अक्षर आहे, आणि वर म्हटल्याप्रमाणे सूर एकाच स्वराचे असल्यानं ते बसतं.

सगळं एकत्र:

गोदेवरती ढग आले
कोरडवाहू मन न्हाले

तिफण निघाली, हसली पोरं
दावं तोडुन पळली ढोरं
ओल भुईची बी प्याले
गोदेवरती ढग आले

एकाही ओळीत हा, ही, तो, गं असा मात्रा भरायला घातलेला शब्द नाही, हेही तपासून घ्या. अंतऱ्यासाठी मी आधी 'पदराची ती करी साउली' लिहिली होती. तिथला 'ती' दोन मात्रा भरण्यापलीकडे काही करत नव्हता. असा शब्द काढला तर अर्थाला धक्का लागत नसेल, तर ओळ अजून झालेली नाही.

बोलीतला एक नमुना

दुसऱ्या अंतऱ्यासाठी नांदेड-लातूरकडची क्रियापदं वापरून बघा. 'पाऊस येतोय'ऐवजी 'यायलाय'. ही रूपं मात्रांच्या दृष्टीनं मोठी सोयीची आहेत. लिहिल्याप्रमाणे 'यायलाय' सहा मात्रांचं: या २, य १, ला २, य १. पण बोलताना 'य्' आधीच्या अक्षरात मिसळतो, म्हणून घाईच्या जागी तेच चार मात्रांतही मावतं. सहा मात्रांची जागा असेल तिथं ते असं बसतं:

पा ऽ ऊ ऽ स ब घा ऽ | या ऽ य ला ऽ य ऽ ऽ

आठ आणि सहा, साचा तोच. मात्र शेवटच्या मोकळ्या मात्रांत सूर 'ला'वरच लांबवायचा आणि 'य' अगदी शेवटी टाकायचा. ज्या चालीत ओळीचा शेवट तोडून म्हणायचा असतो तिथं हे फारच उठून दिसतं.

सहावी पायरी: तपासणी

गाणं आधी चालीशिवाय, गप्पा मारल्यासारखं वाचा. जिथं तुमचा नैसर्गिक जोर पडतो तिथं रेघ मारा. मग टाळी धरून चालीत म्हणा आणि टाळ्या कुठे पडल्या त्यावर रेघ मारा. दोन्ही रेघा बहुतेक ठिकाणी एकाच अक्षरावर आल्या पाहिजेत. जिथं अंतर पडतं तिथं शब्द फिरवायचे.

त्यानंतर गाणं दुसऱ्याला गायला द्या, आणि शब्द माहीत नसलेल्या तिसऱ्याला ऐकायला लावा. त्यानं जे ऐकलं ते त्याच्या तोंडून म्हणवून घ्या. आपण लिहिलेली ओळ आपल्याला नेहमीच स्पष्ट ऐकू येते, म्हणून स्वतःच्या कानावर इथं विसंबू नये. ऐकणारा जिथं 'काय म्हणाला?' विचारतो, तिथं दोष बहुधा तीनपैकी एक असतो: शब्द समेवर तुटलेला, आखूड अक्षर ताणलेलं, किंवा दोन सारखी अक्षरं शेजारी आलेली.

हा तिसरा दोष आपल्या गाण्यातच आहे. 'मन न्हाले' यात दोन न एकापाठोपाठ येतात. सावकाश म्हटलं तर 'म', 'न', 'न्हा' वेगळे ऐकू येतात. ढोलकी द्रुत झाली की 'मन्हाले' होतं. तिथं 'घर' घालता येतं: 'कोरडवाहू घर न्हाले', मात्रा तितक्याच, उच्चार स्वच्छ. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत गाणं जलद वाजणार असेल तर 'घर' घ्या. बैठकीत, मध्यम केहरव्यात गायचं असेल तर मी 'मन'च ठेवीन, आणि गायकाला एवढंच सांगेन की पहिला 'रे' सोडताना दुसऱ्या 'रे'वरचा 'न' हलकेच, पण सुटा म्हणायचा.